शेर गेला, वाटी आली

सोलापुरी शेंगा चटणीची कृती बहुतेक घरांतल्या वहीत साधारण अशी असते: दोन वाट्या भाजून सोललेले शेंगदाणे, दहा-बारा लसणाच्या पाकळ्या, दोन चमचे लाल तिखट, एक चमचा जिरे, चवीपुरतं मीठ. भाजलेले दाणे उखळात किंवा खलबत्त्यात तेल सुटेपर्यंत कुटायचे. ही कृती इंग्रजीत लिहिताना वाटीचा कप होतो आणि चमच्याचा स्पून. आकडे तेच राहतात, पण चटणी मात्र मिळमिळीत होते, नाहीतर जाळ होते. याचं कारण मिरचीत नाही. वाटी ज्या कामासाठी स्वयंपाकघरात आली आणि कप ज्या कामासाठी तयार झाला, ती कामंच वेगळी आहेत. भांडं म्हणून वाटी फार जुनी आहे. माप म्हणून ती फार जुनी नाही.

तिच्या आधी मापाची भांडी वेगळी असत आणि ती जेवायच्या ताटात कधी येत नसत. दोन नेळव्यांचं एक कोळवं, दोन कोळव्यांचं एक चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी, अशी ती उतरंड होती. शेरापर्यंत प्रत्येक माप खालच्या मापाच्या दुप्पट, त्यामुळे हिशेब तोंडी व्हायचा. खळ्यावरची ज्वारी पायलीने मोजली जाई आणि घरात कणगीतून काढताना तीच मापट्याने, चिपट्याने निघे. कोळवं म्हणजे शेराचा आठवा भाग. शेराचं माप लिटरभराच्या आसपास धरलं, तर कोळवं आपल्या आमटीच्या वाटीच्या जवळपास येतं. म्हणजे वाटीएवढं माप घरात होतंच, पण त्याचं वरच्या मापांशी पक्कं नातं होतं. चार माणसांना किती चिपटी आणि वर्षाला किती खंडी, हा एकाच साखळीतला हिशेब होता.

या साखळीतही एक ढिली कडी होती, ती म्हणजे शीग. माप काठोकाठ भरून हाताने सपाट केलं तर एक दाणेमोजणी, आणि वर धान्याचा डोंगर उभा राहू दिला तर दुसरी. मापाचं तोंड रुंद असेल तर शीग मोठी, अरुंद असेल तर लहान. म्हणून देणारा अरुंद तोंडाचं माप शोधी आणि घेणारा रुंद तोंडाचं. पायलीचं माप गावोगाव बदलायचं, त्यातच शिगेचीही भर पडे. शिगेचा हा प्रश्न पुढे चमच्यापर्यंत आपल्या मागे आला आहे.

सोलापुरात तर ही साखळी एकाच भाषेत नव्हती. पूर्व भागातल्या पद्मशाली विणकरांच्या तेलुगू घरांत गिद्द, सोल, तव्व, मानिक अशी मापं, कानडी घरांत पाव आणि सेर, आणि मराठी घरांत चिपटं-मापटं. तिन्हींचं तत्त्व मात्र एकच: लहान माप दुपटी-दुपटीने मोठ्यात जातं. त्यामुळे शेजारणीकडून उसनं घेतलेलं पीठ परत करताना भाषेचा अडसर येत नसे, कारण ज्या मापाने आणलं त्याच मापाने परत द्यायचं.

धान्य मापाने, पण गूळ, तूप आणि मसाल्याची जिनसं वजनाने घेतली जात. इंग्रज सरकारने १८३३ मध्ये तोळा १८० ग्रेनचा ठरवला, आणि चांदीचा रुपयाही त्याच वजनाचा पाडला. आजच्या हिशेबात ते ११.६६ ग्रॅम. त्यामुळे रुपया हे नाणंही होतं आणि वजनही. रुपयाभार जायफळ, पावलीभार वेलदोडे अशी भाषा त्यातूनच आली. ८० तोळ्यांचा सरकारी शेर ९३३ ग्रॅमचा. त्याचा पावशेर २० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे २३३ ग्रॅम, आणि त्याच्या निम्मं नवटाक. १८७५ मध्ये रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ छापून निघालं आणि १९१० मध्ये लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणीमित्र’. ही पाककृतींची पुस्तकं ज्यांच्या हाती पडत, त्या घरांत तराजू होता, वजनं होती, निदान रुपये तरी होते. शेर, पावशेर, तोळा हे शब्द वाचून गृहिणीला थांबावं लागत नसे.

मग देशाने हे सगळं एका कायद्याने बदललं. वजनमापांचा केंद्रीय कायदा १९५६ मध्ये झाला, १९५८ च्या ऑक्टोबरपासून किलो-ग्रॅमची वजनं टप्प्याटप्प्याने लागू झाली, आणि १९६० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत शेर बाजारातून कायद्याने हद्दपार झाला. त्याच सुमारास, १९५७ मध्ये, सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला होता. दुकानात हा बदल नीट पार पडला, कारण दुकानदाराला नवी वजनं घ्यावीच लागली आणि त्यांवर शिक्के मारून घ्यावे लागले. घराला मात्र कुणी नवं माप दिलं नाही. पितळी शेर आणि मापटी माळ्यावर गेली, मोडीत गेली. किलोने आणलेली ज्वारी डब्यात पडली, पण डब्यातून काढायला किलोचं लहान भावंड घरात नव्हतं. कोळवं आणि चिपटं जिथे होतं, तिथे मोकळी जागा राहिली.

त्या मोकळ्या जागेत वाटी येऊन बसली, असं माझं मत आहे. आधीही वाटीने मोजत असतीलच, पण आता तिच्यावाचून दुसरं काही उरलं नाही. स्टेनलेस स्टील घरोघर येण्याचा काळही हाच होता. कल्हई नको, चिंच-ताकाला कळकत नाही, आणि डझनावर मिळते, म्हणून लग्नात आणि वास्तुशांतीला देण्याघेण्यात वाटी आली. प्रत्येक घरात सारख्या आकाराच्या सहा किंवा बारा वाट्या झाल्या. एका घरातल्या सगळ्या वाट्या सारख्या असणं, हे माप होण्यासाठी पुरेसं होतं. शेजारच्या घरातल्या वाटीशी तिने जुळावं, अशी गरज कुणालाच नव्हती.

या वाटीला पुस्तकात मानाची जागा दिली ती कमलाबाई ओगले यांनी. १९७० मध्ये किर्लोस्कर प्रकाशनाने काढलेल्या ‘रुचिरा’मध्ये मापं वाट्या-चमच्यांत आहेत. नव्या नवरीच्या घरी तराजू नसेल, पण वाटी असेलच, हे त्यांनी ओळखलं. त्या पुस्तकाच्या लाखाहून जास्त प्रती गेल्या. पुढे कृती लिहिणारं जवळजवळ प्रत्येक मराठी घर त्याच रीतीने लिहू लागलं. पुण्यात, सोलापुरात किंवा बेळगावात वाचणाऱ्यांच्या वाट्या वेगवेगळ्या होत्या, तरी पदार्थ होत होता. का होत होता, हे समजून घ्यायला हवं.

भाकरीचं उदाहरण घ्या. ज्वारीची उकड काढून भाकरी करायची, तर एक वाटी पाणी उकळायचं, त्यात एक वाटी पीठ टाकायचं, झाकून ठेवायचं आणि मळायचं. वाटी १२० मिलिलिटरची असो की १८० ची, पाण्याचं आणि पिठाचं नातं बदलत नाही. फक्त भाकऱ्या दोन होतील की तीन, एवढाच फरक पडतो. भाताला एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी, शिऱ्याला एक वाटी रव्याला अमुक पाणी आणि तमुक साखर, सगळं असंच. वाटीने लिहिलेली कृती प्रमाण सांगते. किती करायचं ते तुमच्या वाटीवर आणि तुमच्या माणसांवर सोडते. म्हणून वाटीला नेमका आकार असण्याची गरज नव्हती, आणि तो नव्हताच. माझ्या पाहण्यातल्या आमटीच्या वाट्या १०० पासून २०० मिलिलिटरपर्यंत जातात. मधली, नेहमीची, १५० च्या जवळपास भरते.

अमेरिकी कपाची गोष्ट वेगळी आहे. तिकडेही आधी चहाचा कप, अक्रोडाएवढं लोणी अशीच मापं होती. बॉस्टनच्या पाकशाळेच्या फॅनी फार्मर यांनी १८९६ च्या आपल्या पुस्तकात ठाम सांगितलं की कप ठरलेल्या मापाचा असावा आणि सुरीने सपाट करून घ्यावा. चमचाही तसाच सपाट. म्हणजे आपल्या बाजारात शतकानुशतकं चाललेला शिगेचा वाद त्यांनी स्वयंपाकघरापुरता मिटवला. तो कप अर्ध्या अमेरिकी पाइंटचा, सुमारे २३७ मिलिलिटर. हिशेबाला २४० धरतात. टेबलस्पून १५ आणि टीस्पून ५ मिलिलिटरचा. ऑस्ट्रेलियात कप २५० चा आणि टेबलस्पून २० चा. ब्रिटनमध्ये अर्धा पाइंट २८४ चा, पण तिथले लोक बरंचसं तोलूनच घेतात. एक योगायोग मला फार आवडतो: आपलं पावशेर पाणी म्हणजे २३३ मिलिलिटर, अमेरिकी कपापेक्षा जेमतेम तीन-चार मिलिलिटरांनी कमी. शेर राहिला असता, तर आजीचा पावशेर आणि नातीचा कप यांत फरक करावाच लागला नसता. कप वाटीशी जुळत नाही, पण वाटीच्या आधी जे होतं त्याच्याशी जुळतो.

१९६५ मध्ये अमेरिकेने स्थलांतराचा कायदा बदलला, त्यानंतर मराठी इंजिनिअर आणि डॉक्टर तिकडे जाऊ लागले, आणि त्यांच्या घरांत पहिल्यांदा या दोन मापांची गाठ पडली. तिथल्या ओट्यावर मापाचे कप आधीच टांगलेले असत. आईच्या पत्रात वाटी लिहिलेली असे. दोन्ही हातात मावतात, दोन्हींत पीठ घेतात, म्हणून वाटीच्या जागी कप लिहिला गेला. पुढे तेच कप-चमच्यांचे संच केकच्या भांड्यांबरोबर सोलापुरातही आले, आणि इथल्या मुलीही आईच्या वहीतली वाटी कपात उतरवू लागल्या. चूक दोन्हीकडे तीच होते.

आता चटणी नीट मोजून पाहू. वाटी १५० मिलिलिटरची धरली, तर दोन वाट्या दाणे म्हणजे ३०० मिलिलिटर. भाजलेले दाणे भांड्यात मोकळे बसतात, त्यामुळे वजन १८०-१८५ ग्रॅमच्या आसपास भरतं. तिखट दोन चहाचे चमचे, म्हणजे १० मिलिलिटर. शंभर ग्रॅम दाण्यांना साडेपाच मिलिलिटरच्या जवळ तिखट पडलं, आणि ही आपल्याकडची झणझणीत, पण खाण्याजोगी चटणी.

वाटीला कप धरला, तर दाणे ४८० मिलिलिटर होतात, म्हणजे २९० ग्रॅमच्या आसपास. तिखट तेवढंच राहिलं, कारण चमचा हा चमचाच राहिला. शंभर ग्रॅमला साडेतीन मिलिलिटरही तिखट पडत नाही. लसणाच्या पाकळ्या तर मोजूनच लिहिलेल्या, त्याही वाढल्या नाहीत. चटणी फिकी दिसते, दाण्याचं कूट खाल्ल्यासारखी लागते, आणि खाणारा म्हणतो, तिकडच्या तिखटात दम नाही. उलट कुणी चमच्याला टेबलस्पून धरलं, तर ३० मिलिलिटर तिखट पडतं. दाणे वाढूनसुद्धा शंभर ग्रॅमला दहाच्या वर, म्हणजे मूळच्या जवळपास दुप्पट. बरोबर उतरवायची, तर दोन वाट्यांना सव्वा कप लिहायला हवं, कारण २४० चा सव्वापट म्हणजे ३००, आणि तिखटाला दोन टीस्पून. एवढंच. कृतीतला एकच आकडा बदलतो, पण तो बदलला नाही तर चटणी सोलापूरची राहत नाही.

गोम अशी आहे. ज्या कृतीत सगळं वाटीनेच मोजलेलं असतं, तिथे वाटीच्या जागी कप लिहिला तरी काही बिघडत नाही. बिघडतं ते मिश्र कृतीत, जिथे काही जिन्नस वाटीने, काही चमच्याने आणि काही नगाने असतात. तिखट, मीठ, हिंग, खायचा सोडा, लसूण, मिरच्या ही त्या दुसऱ्या रांगेतली. भाकरीला कप चालतो, चटणीला चालत नाही. नानकटाईत तूप, पिठीसाखर आणि मैदा वाट्यांत असल्याने सांभाळून जातं, पण सोडा चमच्याने असतो. पीठ वाढलं आणि सोडा तेवढाच राहिला, की नानकटाई तडकत नाही, घट्ट बसते.

चमच्याचा घोळ वाटीपेक्षा मोठा आहे, कारण आपल्या घरात चमचा एक नसतो. मिसळणाच्या डब्यातला चमचा अगदी बारका, त्यात सपाट भरून अडीच-तीन मिलिलिटर मावतं. चहाचा चमचा पाचाच्या जवळ. पोहे खायचा चमचा दहाच्या आसपास. तेलाची पळी आणि वाढायचा डाव त्याहून मोठे. फोडणी करणारी बाई चमचा म्हणते, तेव्हा तिच्या हातात डब्यातला बारका चमचा असतो, आणि तो ती सपाट कधीच घेत नाही. शीग लावूनच घेते. शिगेसह तो चहाच्या सपाट चमच्याएवढा होतो. तेल मात्र शिगेने घेता येत नाही, म्हणून तेलासाठी चमचा सांगितला तर तो वेगळाच, मोठा असतो. त्यामुळे एकाच कृतीत दोन ओळींवर चमचा असेल, तर दोन्हीकडे तो एकच आहे असं धरू नये.

ग्लासाचं आणि कपाचं थोडक्यात. मराठी कृतीत ग्लास येतो तो बहुधा पाण्यासाठी किंवा ताकासाठी, आणि स्टीलचा ग्लास २०० पासून ३०० मिलिलिटरपर्यंत कुठेही असतो. फुलपात्र त्याहून लहान. जुन्या वहीत कप लिहिलेला असेल, तर तो चहाचा कप समजावा, अमेरिकी नव्हे. तो बशीसकटचा कप शंभर-सव्वाशे मिलिलिटरचाच असतो. भात शिजवायच्या विजेच्या कुकरबरोबर येणारा कप आणखी निराळा, १८० मिलिलिटरचा. तो जपानी मापावरून आला आहे. त्या कुकरवरच्या खुणा त्याच कपाच्या असतात, म्हणून तिथे दुसरी वाटी वापरली की भाताची पेज होते किंवा दाणा टणक राहतो.

अमेरिकेतल्या पुतणीला फोनवर धपाट्यांची कृती सांगणाऱ्या एका काकूंचं बोलणं माझ्या कानावर पडलं होतं. “काकू, वाटी म्हणजे नेमकी केवढी?” असं तिकडून विचारलं गेलं. काकू म्हणाल्या, “अगं, आपली आमटीची वाटी गं, तुझ्या लग्नात दिलेली.” पुतणीने ती वाटी तिकडे नेलीच नव्हती. पण काकूंचं उत्तर मला बरोबर वाटतं. त्यांनी आकार सांगितला नाही, वस्तू दाखवली, कारण वाटीचं माप त्या वस्तूतच असतं. ती वस्तू नसेल, तर आधी तिचं माप काढून पाठवावं लागतं.

ते काढणं सोपं आहे. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर रिकामी वाटी ठेवून काटा शून्यावर आणावा आणि वाटी काठापर्यंत पाण्याने भरावी. पाण्याचं वजन ग्रॅममध्ये जेवढं, तेवढेच मिलिलिटर. काठापर्यंत भरणं महत्त्वाचं आहे, कारण वाटीची कड बाहेर वळलेली असते आणि थोडंसं पाणी कमी भरलं तरी वीस-पंचवीस मिलिलिटरचा फरक पडतो. काटा नसेल, तर औषधाच्या बाटलीबरोबर येणारं मिलिलिटरच्या खुणांचं झाकण पुरतं. रोजचे चमचेही तसेच मोजावेत, म्हणजे डब्यातला कोणता आणि चहाचा कोणता ते कळतं. हे सगळं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं, की आतली प्रत्येक कृती कुठल्याही देशात उतरवता येते. आईच्या हयातीत हे केलेलं बरं. वही मागे राहते, वाट्या भावंडांत वाटल्या जातात, आणि मग दोन वाट्या म्हणजे किती, हे सांगणारं कुणी नसतं.

आणखी एक गोष्ट लिहिताना पाळावी. एक वाटी दाणे घेऊन त्याचं कूट करायचं, की कूटच एक वाटी घ्यायचं, हे स्पष्ट करावं. भरड कूट दाण्यांपेक्षा वेगळं बसतं, हलक्या हाताने भरलेलं आणि दाबून भरलेलं यांतही मोठा फरक पडतो. शेंगांच्या पोळीत गूळ कुटाच्या प्रमाणात जातो, तिथे हा फरक लगेच कळतो: कूट कमी पडलं तर तव्यावर गूळ पाघळून बाहेर येतो, जास्त झालं तर सारण कोरडं पडून पोळी लाटताना फुटते. गुळाचंही तसंच. किसलेला वाटीभर आणि खडे वाटीभर, यांत वजनाने बराच फरक असतो.

एवढं करूनही ज्वारीचं पाणी कुठल्याच मापात नीट बसत नाही. वर मी एकास एक लिहिलं, तेही ताज्या दळलेल्या पिठाचं. मंगळवेढ्याची मालदांडी दळून आणली त्या दिवशी पिठात विरी असते, थंड पाण्यातही भाकरी थापली जाते. पीठ महिनाभर डब्यात राहिलं की विरी जाते, कडा चिरतात, मग उकड काढावीच लागते आणि पाणीही वाटीपेक्षा पळीभर जास्त लागतं. परदेशातल्या दुकानात मिळणारं ज्वारीचं पीठ किती दिवसांचं आहे, ते पिशवीवरच्या तारखेवरून थोडंफार कळतं. खरं कळतं ते गोळा हातात घेऊन दाबल्यावर, त्याला भेगा जातात की नाही यावरून. भेगा गेल्या तर गरम पाण्याचा हात लावून पुन्हा मळायचं.